आईच्या पाटल्या, घरातली नाणी आणि सुवर्णरोखे: विकताना कर कुणाला, किती?

कृष्णाकाठ
वाईला आमचं जुनं घर आहे, आईच्या नावावर. गेल्या पावसाळ्यात माडीवरचं छप्पर इतकं गळलं की आता वासे आणि कौलं दोन्ही बदलायला हवेत. सुताराने अंदाज दिलाय पाच लाखांच्या थोडा वर. निम्मे आत्ता लाकूड आणायला, निम्मे काम संपताना, म्हणजे मे अखेर.

आईचं म्हणणं, "माझ्या पाटल्या मोडा, मी आता कुठे घालते." लग्नातल्या आहेत, १९७४ च्या. पावती अर्थातच नाही. सराफाने लाख आणि घट वजा करून २२ कॅरेटचं ४० ग्रॅम धरलं आणि ग्रॅमला १३,००० सांगितले. म्हणजे ५ लाख २० हजार.

घरात सोनं म्हणावं असं आणखीही आहे. काही नाणी आहेत, काही २०२२ च्या धनत्रयोदशीची, काही गेल्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेची. माझे १० ग्रॅमचे सुवर्णरोखे आहेत, जून २०१९ चे, बँकेतून थेट घेतलेले. यजमानांनी शेअर बाजारातून घेतलेले रोखे वेगळे, ते सप्टेंबर २०२० च्या मालिकेतले, डीमॅटमध्ये.

प्रश्न असा, की यातलं काय विकावं म्हणजे कर कमी बसेल? आणि ५० वर्षांपूर्वीच्या सोन्याची खरेदी किंमत कर मोजताना धरायची तरी कशी? आई ७८ वर्षांची आहे, तिला ठेवींचं व्याज वर्षाला २ लाख ४० हजार येतं, दुसरं उत्पन्न नाही.

कट्ट्यावरचा
ताई, विवाहित बाईच्या ५०० ग्रॅमपर्यंतच्या सोन्याला करच नाही. सरकारचा नियमच आहे तसा. बिनधास्त विका.

पेन्शनर
लग्नातलं सोनं म्हणजे स्त्रीधन. त्यावर कर कसला? आमच्या वेळी कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

लेखाजोखा
@कट्ट्यावरचा, ५०० ग्रॅमची गोष्ट खरी आहे, पण ती दुसऱ्या कामाची आहे. प्रत्यक्ष कर मंडळाची मे १९९४ ची सूचना आहे की घरावर छापा पडला तर विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. अधिकाऱ्याने काय उचलू नये, एवढंच त्यात आहे. विकल्यावर होणाऱ्या नफ्याचा तिच्याशी काही संबंध नाही. हा गैरसमज दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या गटात फिरतो आणि लोक त्यावर विसंबून विवरणपत्रात विक्री दाखवतच नाहीत.

@पेन्शनर काका, स्त्रीधन म्हणजे मालकी तिची. आणि मालकी तिची म्हणूनच नफाही तिचा, करही तिच्याच नावावर. इथे ते फायद्याचं आहे, कसं ते खाली सांगतो.

खरेदी किंमत: १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या सोन्याला त्या दिवसाचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. १९७४ ची पावती असती तरी तिचा उपयोग नव्हता, कारण तेव्हाचा भाव याहून बराच कमी. २००१ च्या एप्रिलमध्ये २४ कॅरेट १० ग्रॅमला सव्वाचार हजारांच्या आसपास होतं. २२ कॅरेटला ग्रॅमचे ३९० धरू. ४० ग्रॅमचे झाले १५,६००.

५,२०,००० वजा १५,६००, नफा ५,०४,४००. दोन वर्षांहून जास्त काळ धरलेलं सोनं म्हणून दर १२.५ टक्के, वर ४ टक्के उपकर. नुसतं गुणलं तर ६५,५७२ रुपये होतात. पण आईंना एवढे भरावे लागणार नाहीत.

नागपुरी_संत्रं
दर २० टक्के आहे ना? महागाईचा निर्देशांक लावून. माझ्या भावाने तसाच भरला होता.

लेखाजोखा
२३ जुलै २०२४ च्या आधी विकलं असेल तर भावाने बरोबर भरलं. त्या दिवसापासून सोन्यासाठी निर्देशांक गेला, दर १२.५ झाला आणि तीन वर्षांची अट दोनवर आली. जुना पर्याय फक्त जमीन आणि घराला ठेवलाय.

निर्देशांक गेला म्हणून लोक हळहळतात, पण एवढ्या जुन्या सोन्याला त्याने नुकसान झालेलं नाही. २०२४-२५ चा निर्देशांक ३६३ होता, म्हणजे १५,६०० चे ५६,६२८ झाले असते. उरलेल्या ४,६३,३७२ वर २० टक्के म्हणजे ९२ हजारांच्या वर. आताचा हिशेब हलकाच आहे.

सराफाची_लेक
कृष्णाकाठताई, पाटल्या अजून मोडल्या नाहीत ना? मग आधी माझं ऐका.

आमचं तीन पिढ्यांचं दुकान. जुना दागिना आला की आधी यंत्रावर कस बघतात. पण यंत्र वरवरचं सांगतं. पाटलीत आत लाख असते, जोडाला टाका असतो, तो कमी कसाचा. म्हणून मोडताना दागिना भट्टीत घालतात, लाख जळून जाते, मग जी लगड उरते तिचं वजन आणि कस पुन्हा बघतात. तुमचे पैसे त्या लगडीवर ठरतात. हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा. आधीचं वजन, नंतरचं वजन आणि कस, तिन्ही पावतीवर लिहून घ्या.

पण एकदा दागिना वितळला की तो २००१ च्या आधीचा होता हे दाखवायला हातात काही राहत नाही. लगडीला वय नसतं. म्हणून मोडण्याआधी सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून अहवाल घ्या, दागिन्यांसाठी नोंदणी असलेला हवा. तो वजन, कस, घडण लिहितो आणि १ एप्रिल २००१ ची किंमत काढून सही-शिक्का देतो. सोबत फोटो. दुकानदाराने साध्या कागदावर लिहून दिलेली किंमत म्हणजे अहवाल नव्हे, आमच्याकडेही लोक तसं मागतात आणि आम्ही नाही म्हणतो.

आईंच्या लग्नातला फोटो असेल आणि त्यात पाटल्या दिसत असतील तर तोही जपून ठेवा.

कृष्णाकाठ
फोटो आहे! आई बोहल्यावर उभी आहे आणि हातात त्याच पाटल्या. कृष्णधवल आहे, पण नक्षी ओळखू येते.

पाटल्या कपाटातच आहेत. सराफाने फक्त यंत्रावर बघून वजनाचा अंदाज सांगितलाय.

सराफाची_लेक
मग ४० ग्रॅम पक्के धरू नका. यंत्रावर २२ दिसतं आणि लगड २० कॅरेटची निघते असं जुन्या मालात नेहमी होतं. पाच लाख वीसचे चार लाख ऐंशी होऊ शकतात. सुताराला शब्द देताना तेवढी सवड ठेवा.

पेन्शनर
कमी कसाचं निघण्याचं एक कारण आमच्या पिढीला ठाऊक आहे. १९६३ साली मोरारजीभाईंनी १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली होती. कारागिरांचे फार हाल झाले. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच सुमाराचं, तिच्या बांगड्या पुढे मोडल्या तेव्हा सगळे चाट पडले.

दुर्वा
विषयांतर होतंय काका, पण ही माहिती नवीन होती. धन्यवाद.

माझा प्रश्न: मी सासूबाईंची ठुशी शोरूममध्ये देऊन त्याच वजनाचा नेकलेस घेतला. पैसे हातात आलेच नाहीत, वर मजुरी मीच भरली. इथे तर कर नाही ना?

लेखाजोखा
आहे. अदलाबदल हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने विक्रीच. तुमच्या बिलावर बघा, नव्या दागिन्याची पूर्ण किंमत लिहून खाली जुन्या सोन्याची रक्कम वजा केलेली असेल. ती वजा केलेली रक्कम म्हणजे ठुशीची विक्री किंमत. ठुशी सासूबाईंनी तुम्हाला दिली असेल तर त्यांची खरेदी किंमत आणि त्यांनी ती किती वर्षं बाळगली, दोन्ही तुमच्याकडे येतं. त्यांनी २००१ च्या आधी घेतली असेल तर वरच्यासारखाच १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो.

दुर्वा
म्हणजे एक रुपया न मिळता कर? हे अन्यायाचं आहे हो.

टाकसाळ
मी थोडा असहमत आहे, @लेखाजोखा. आमच्या सोनाराकडे आम्ही आमचंच सोनं देतो आणि तो त्याचंच दुसरं काहीतरी घडवून देतो, फक्त मजुरी घेतो. यात विक्री कुठे आली?

लेखाजोखा
तुम्ही सांगता त्यात नाहीच आली. तुमचंच सोनं वितळवून तुमचाच दागिना घडला तर मालकी कधी सुटलीच नाही. मजुरीचं बिल ठेवा, ती पुढे खर्चात धरता येईल. शोरूममध्ये तसं होत नाही. तुमची ठुशी त्यांची होते आणि काचेतला तयार नेकलेस तुमचा होतो. दोन्हीला लोक "मोडून केलं"च म्हणतात, म्हणून गोंधळ होतो.

टाकसाळ
पण छोटा सोनार कधी कधी आपलं सोनं बाजूला ठेवून त्याच्याकडच्या सोन्यातून घडवतो, घाई असेल तर. तेव्हा काय म्हणायचं?

सराफाची_लेक
हे होतं. पावतीवर "ग्राहकाचे सोने, फक्त मजुरी" असं लिहिलं असेल तर निदान कागद तुमच्या बाजूने. पण खात्यातल्या एखाद्याने उकरलंच तर काय होईल, मी सांगू शकत नाही.

बे_एरियातून
माझ्या आजीने मला दिलेल्या गोठांबद्दल विचारायचं होतं. मी अमेरिकेत असते, पुण्यातल्या लॉकरमध्ये आहेत. माझं भारतात काहीच उत्पन्न नाही, मग चार लाखांपर्यंतचा नफा करमुक्त ना?

लेखाजोखा
नाही. स्लॅबची उरलेली मर्यादा दीर्घकालीन नफ्यासाठी वापरायची सोय फक्त निवासी व्यक्तीला आहे. अनिवासीला पहिल्या रुपयापासून १२.५ टक्के. शिवाय घेणाऱ्याने तुमचा कर कापून उरलेले पैसे द्यायचे असतात, त्यामुळे बरेच सराफ अनिवासींचं सोनं घ्यायला नाखूश असतात. अमेरिकेतल्या विवरणपत्राचं तिथल्या माणसाला विचारा.

आता कृष्णाकाठताईंच्या आईंकडे येतो.

आईंचं व्याज २,४०,०००. नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे १,६०,००० ची जागा रिकामी. ती नफ्यातून वजा होते. ५,०४,४०० मधून १,६०,००० गेले, उरले ३,४४,४००. त्यावर कर आणि उपकर मिळून ४४,७७२. लक्षात घ्या, नवीन पद्धतीतली १२ लाखांपर्यंतची सूट या नफ्याला लागत नाही. "बारा लाखांपर्यंत काही नाही" म्हणून लोक इथेच फसतात.

आता तुमचा सुतार निम्मे आत्ता आणि निम्मे मेमध्ये मागतोय. मग एक पाटली ३१ मार्चच्या आत विका, दुसरी एप्रिलमध्ये. दोन आर्थिक वर्षं झाली, रिकामी जागा दोनदा मिळाली. प्रत्येक वर्षी नफा २,५२,२००, त्यातून १,६०,००० वजा, उरलेल्या ९२,२०० वर कर ११,९८६. दोन वर्षांचे मिळून २३,९७२.

सराफाची_लेक
भाव मध्ये पडला तर? या वर्षी सोनं ज्या पद्धतीने वर-खाली होतंय, दीड महिन्यात वीस हजारांची बचत सहज पुसली जाईल. किंवा उलटंही होईल.

लेखाजोखा
मान्य. ती जोखीम त्यांनी घ्यायची. मी फक्त कराचं सांगतोय.

हिशेबनीस
लेखाजोखांचा हिशेब बरोबर आहे, पण जुनी पद्धत करून बघितली का? ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजात ५०,००० ची वजावट मिळते. उरले १,९०,०००. ज्येष्ठांची मर्यादा ३ लाख, म्हणून रिकामी जागा १,१०,०००. एका पाटलीचा नफा २,५२,२००, त्यातून ती गेली की १,४२,२००. त्यावर १२.५ टक्के म्हणजे १७,७७५.

आता आईंचं त्या वर्षाचं एकूण उत्पन्न ४,४२,२००, पाच लाखांच्या आत. जुन्या पद्धतीत पाच लाखांच्या आत १२,५०० ची सूट असते आणि सोन्याच्या दीर्घकालीन नफ्याला ती मिळते, शेअरच्या नफ्याला मात्र मिळत नाही. उरला कर ५,२७५, उपकर धरून ५,४८६. दोन वर्षांचे मिळून ११ हजारांच्या आत.

दोन्ही पाटल्या एकाच वर्षी विकल्या तर मात्र उत्पन्न पाच लाखांवर जातं, सूट गेली, आणि जुन्या पद्धतीत ५१,२७२ बसतात. म्हणजे जुनी पद्धत इथे दोन वर्षांत वाटलं तरच कामाची.

लेखाजोखा
@हिशेबनीस, पटलं. आता मीही आकडे घालून बघितले, बरोबर आहेत. फक्त जुनी पद्धत निवडायची तर विवरणपत्र मुदतीत भरावं लागेल, उशीर झाला की नवीनच लागते. आणि आईंचं नेहमीचं सोपं विवरणपत्र चालणार नाही, भांडवली नफा आला की आयटीआर-२.

कट्ट्यावरचा
मी ५०० ग्रॅमवाली माहिती आमच्या सोसायटीच्या गटातून घेतली होती, तिथे आता हे टाकतो.

त्यापेक्षा सोपं सुचवतो: घरासाठीच पैसे लागतायत ना? घरात पैसे गुंतवले की सोन्याच्या नफ्यावर कर माफ, असं कलम आहे.

हिशेबनीस
५४एफ. ते नवीन घर विकत घेतलं किंवा बांधलं तर. जुन्या घराचं छप्पर दुरुस्त करणं त्यात बसत नाही. शिवाय तिथे नुसता नफा नाही, विक्रीची सगळी रक्कम घरात घालावी लागते.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आकडे वाचून दाखवले, तिला एक-एक पाटली विकायची कल्पना आवडली. "निदान महिनाभर एक तरी हातात राहील" म्हणाली.

पण मग नाणी आणि रोखे? आईचं न विकता ते विकावं का, असा यजमानांचा आग्रह आहे.

लेखाजोखा
नाणी कुणाच्या नावावर घेतली? तुमच्या पगारातून असतील तर नफा तुमच्या हातात आणि तुमच्याकडे रिकामी जागा नाही. २०२२ ची विकली तर १२.५ टक्के. गेल्या अक्षय्य तृतीयेची विकू नका, दोन वर्षं झालेली नाहीत, तो नफा पगारात मिळून तुमच्या स्लॅबने कर बसेल. बिलं वेगवेगळी ठेवा, कुठलं नाणं कधीचं हे बिलाशिवाय सांगता येत नाही.

सराफाची_लेक
आणि बँकेतून घेतलेली असतील तर बँक परत घेत नाही. सराफाकडेच जावं लागेल. वेष्टन फोडू नका, अखंड असलं की कसाबद्दल वाद कमी होतो.

हिशेबनीस
रोख्यांचं मात्र आत्ताच बघा, त्यात तारखेचा प्रश्न आहे.

आजवर नियम असा: व्यक्तीने रिझर्व्ह बँकेकडे रोखा परत केला की नफा करमुक्त, मग तो मूळ घेतलेला असो वा बाजारातून. पहिल्या मालिकेत नोव्हेंबर २०१५ ला २,६८४ ने घेतलेल्यांना २०२३ मध्ये ६,१३२ मिळाले, सगळा नफा करमुक्त. २०२६ च्या अर्थसंकल्पात प्रस्ताव आलाय की १ एप्रिल २०२६ पासून ही सवलत फक्त त्याला, ज्याने रोखा निघताना स्वतः घेतला आणि मुदत संपेपर्यंत सलग ठेवला.

तुमचे जून २०१९ चे थेट घेतलेले आहेत. जून २०२७ पर्यंत ठेवा, सवलत शाबूत. हात लावू नका.

यजमानांचे सप्टेंबर २०२० चे बाजारातून घेतलेले. ते सप्टेंबर २०२८ पर्यंत ठेवले तरी नव्या नियमात कर लागेल. पण त्या मालिकेला पाच वर्षं झाली आहेत आणि तिची व्याजाची तारीख मार्च-सप्टेंबरमध्ये येते. पाच वर्षांनंतर व्याजाच्या तारखेला मुदतपूर्व परत करता येतो. म्हणजे मार्च २०२६ ची संधी जुन्या नियमात बसते. अर्ज आधी द्यावा लागतो, तुमच्या डीमॅटवाल्याला आजच विचारा. बाजारात मात्र विकू नका, तिथे आजही कर आहे.

नागपुरी_संत्रं
मग मूळ घेतलेल्यांनी एप्रिलनंतर मुदतपूर्व परत केले तर? माझे २०२० चे थेट बँकेतून घेतलेले आहेत.

हिशेबनीस
प्रस्तावाची भाषा "मुदत संपेपर्यंत" अशी आहे, त्यामुळे माझ्या वाचनात मुदतपूर्वला सवलत नाही.

लेखाजोखा
मीही तसंच वाचतो, पण विधेयक अजून मंजूर व्हायचंय. ज्यांना सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर पडता येईल असं सांगून रोखे विकले, त्यांच्यावर हे अन्यायकारक आहे. यावर निवेदनं गेली असतीलच.

पेन्शनर
रोख्यांचं व्याज तरी करमुक्त ना?

हिशेबनीस
नाही काका. अडीच टक्के व्याज दर वर्षी तुमच्या उत्पन्नात धरायचं. त्यावर कर कापून येत नाही, म्हणून बरेच जण दाखवायचं विसरतात.

कृष्णाकाठ
ताजी खबर. यजमानांच्या डीमॅटवाल्याने सांगितलं, मार्चच्या परतीचे अर्ज अजून घेतायत. अर्ज दिला. त्यांचे २० ग्रॅम आहेत, म्हणजे छपराचे निम्म्याहून जास्त पैसे तिथूनच येतील आणि बिनकराचे.

मूल्यांकनकार साताऱ्यात मिळाले. दोन्ही पाटल्यांचा अहवाल एकदमच करून घेतोय, पण आता एकच विकायची ठरली, एप्रिलमध्ये, लगडीचं वजन बघून. दुसरी आईकडेच राहील. सराफ म्हणाला रोख देतो, मी आईच्या खात्यात जमा करा म्हटलं. बरोबर केलं ना?

लेखाजोखा
अगदी बरोबर. दोन लाख किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो, म्हणजे आईंना. पावतीही आईंच्याच नावाने आणि त्यांचाच पॅन. तुमच्या नावाने पावती झाली तर वरचा सगळा हिशेब बिघडेल.

दुर्वा
माझ्या ठुशीचं बिल २०२३ चं आहे आणि मी विवरणपत्रात काहीच दाखवलेलं नाही. आता काय करू?

हिशेबनीस
नफा किती झाला होता त्यावर आहे. बिल आणि सासूबाईंनी ठुशी साधारण कधी घेतली ते इथे लिहा, अद्ययावत विवरणपत्राची वाट अजून उघडी आहे का ते बघू.